डॉट स्ट्रक्चर काढताना आधी मोजा, मग ठिपके द्या: डबल बाँड आणि फॉर्मल चार्जसकट

CO₂ चं डॉट स्ट्रक्चर बहुतेकांना पाठच असतं, H₂O पण येतं, पण पेपरात NO₃⁻ किंवा N₂O आलं की ठिपके कुठे जास्त होतात नाहीतर कुठे कमी पडतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. नायट्रोजनभोवती त्याचे पाच ठिपके काढले, ऑक्सिजनभोवती सहा काढले, आणि मग कोणाचा कोणाशी जुळतो ते शोधत बसले. दोन-तीन अणूंच्या साध्या रेणूला हे चालून जातं, आयनला नाही, कारण आयनमधला तो एक जादा इलेक्ट्रॉन नेमका कोणापाशी काढायचा हेच कळत नाही. खरं म्हणजे कोणता इलेक्ट्रॉन कुठल्या अणूकडून आला याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाहीये, सगळे एकत्र जमा करायचे आणि मग नव्याने वाटायचे, एवढंच.

खाली NO₃⁻ सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढू, मध्ये CO₂ घेऊ, आणि फॉर्मल चार्जला N₂O घेऊ, कारण फॉर्मल चार्ज नक्की कशाला काढायचा हे N₂O मध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं.

## बसण्याआधी एवढं हाताशी ठेवा

पेन्सिल आणि खोडरबर. पेनने काढू नका, मधल्या पायरीला लोन पेअर खोडून तिचा बाँड करावा लागतो आणि पेनने काढलेलं असलं की मुलं तो ठिपका तसाच ठेवून वरून नवीन रेघ मारतात, तिथेच दोन इलेक्ट्रॉन वाढतात.

दुसरं म्हणजे व्हॅलेन्स इलेक्ट्रॉनचे आकडे. गण १ आणि २ ला सरळ १ आणि २. गण १३ ते १८ असेल तर शेवटचा आकडा घ्यायचा: बोरॉन ३, कार्बन ४, नायट्रोजन आणि फॉस्फरस ५, ऑक्सिजन आणि सल्फर ६, फ्लोरिन-क्लोरिन ७, झेनॉन ८. इथे अणुक्रमांक घ्यायचा नाही. हसू नका, ऑक्सिजनचे ८ धरून सुरुवात केलेल्या वह्या भरपूर असतात, कारण डोक्यात "ऑक्सिजन आठ" घट्ट बसलेलं असतं.

तिसरं, मूलद्रव्य कुठल्या आवर्तातलं आहे ते बघून ठेवा. C, N, O, F दुसऱ्या आवर्तातले, यांच्याभोवती आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन कधीच नाही. P, S, Cl वगैरे तिसऱ्या आवर्तापासून पुढचे, त्यांना सूट मिळू शकते. हायड्रोजनला दोनच, म्हणजे त्याला एकच बाँड.

## पायरी १: एकूण इलेक्ट्रॉन मोजा आणि कोपऱ्यात लिहा

सगळ्या अणूंचे व्हॅलेन्स इलेक्ट्रॉन मिळवा. आयन निगेटिव्ह असेल तर चार्जएवढे मिळवा, पॉझिटिव्ह असेल तर तेवढे वजा करा.

NO₃⁻ साठी: ५ + (३ × ६) + १ = २४

CO₂ साठी: ४ + (२ × ६) = १६

NH₄⁺ साठी: ५ + (४ × १) − १ = ८

चिन्हाचा घोळ इथे सर्रास होतो. प्लस बघितलं की हात आपोआप अधिक करतो. इलेक्ट्रॉन स्वतः निगेटिव्ह असतो, त्यामुळे निगेटिव्ह आयन म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त आणि पॉझिटिव्ह आयन म्हणजे कमी. NH₄⁺ ला १० आले तर समजा उलटं केलंय.

हा आकडा गोल करून पानाच्या कोपऱ्यात लिहा. पुढे कितीही खाडाखोड झाली तरी हा बदलत नाही. शेवटी कागदावरचे सगळे ठिपके आणि रेघा मोजल्यावर नेमका एवढाच यायला हवा, एक जास्त नाही, एक कमी नाही.

तपासा: आकडा विषम आला तर आधी बेरीज परत करा. बेरीज बरोबर असूनही विषमच असेल, जसं NO मध्ये ५ + ६ = ११, तर सगळ्यांचं ऑक्टेट पूर्ण होणारच नाही, एक इलेक्ट्रॉन एकटा राहणार. तो प्रकार वेगळा, त्यासाठी जबरदस्तीने जोडी लावत बसू नका.

## पायरी २: सांगाडा मांडा, फक्त एकेरी रेघांनी

मधला अणू कुठला ते ठरवायचं. साधारण नियम असा की जो सगळ्यात कमी इलेक्ट्रोनिगेटिव्ह तो मध्ये, हायड्रोजन सोडून. हायड्रोजन कधीच मध्ये येत नाही. बऱ्याचदा जो अणू एकदाच आलाय तोच मधला असतो आणि हे जास्त पटकन दिसतं: NO₃⁻ मध्ये N, CO₂ मध्ये C, NH₃ मध्ये N.

```
O–N–O
  |
  O
```

दोन ठिकाणी इथे घसरतात. पहिलं, सूत्रात अणू ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने ओळीत मांडणं. CO₂ लिहिताना C पहिला येतो म्हणून C–O–O असा सांगाडा करायचा नाही. दुसरं म्हणजे ॲसिड. HNO₃ मध्ये H नायट्रोजनला लावलेला दिसतो, H₂SO₄ मध्ये सल्फरला, आणि तिथून पुढचं सगळंच चुकतं. ऑक्सिजनवाल्या ॲसिडमध्ये आम्लधर्मी हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असतो, H–O–N असा. (फॉस्फरसच्या काही ॲसिडमध्ये काही H थेट P ला असतात, पण ते हायड्रोजन आम्लधर्मी नसतात.)

N₂O चा सांगाडा मात्र या नियमाने चटकन ठरत नाही. O एकदाच आलाय म्हणून तो मध्ये जायला हवा, पण O जास्त इलेक्ट्रोनिगेटिव्ह आहे म्हणून N मध्ये जायला हवा. मग काय करायचं? दोन्ही सांगाडे काढून ठेवायचे, निर्णय फॉर्मल चार्जवर सोडायचा. ते पायरी ६ ला.

## पायरी ३: बाहेरच्यांना आधी वाढा

प्रत्येक रेघ म्हणजे २ इलेक्ट्रॉन खर्च झाले. NO₃⁻ मध्ये तीन रेघा, म्हणजे ६ गेले, २४ मधून उरले १८.

हे उरलेले आधी बाहेरच्या अणूंना द्यायचे, प्रत्येकाचे आठ होईपर्यंत. रेघेतले दोन प्रत्येक ऑक्सिजनच्या खात्यात आधीच धरलेले आहेत, म्हणून त्याला अजून सहा लागतात, म्हणजे तीन लोन पेअर. तीन ऑक्सिजन × ६ = १८, सगळे संपले. उरलं शून्य.

CO₂ मध्ये दोन रेघा म्हणजे ४ गेले, उरले १२, दोन्ही ऑक्सिजनना सहा-सहा दिले, संपलं.

बाहेरच्यांचं झाल्यावर काही उरलं तर ते सगळं मधल्या अणूवर जातं, मग तिथे आठाच्या वर गेलं तरी. XeF₄ बघा: ८ + २८ = ३६. चार रेघांत ८ गेले, चार फ्लोरिनना मिळून २४, उरले ४. ते झेनॉनवर दोन लोन पेअर म्हणून ठेवायचे, झेनॉनभोवती १२ होतात आणि झेनॉन पाचव्या आवर्तातला असल्याने ते चालतं. हे चार इलेक्ट्रॉन विसरले की पुढे आकारसुद्धा चुकतो, चौरस प्रतलीयच्या जागी चतुष्फलकीय येतो.

सावधान: हायड्रोजनला लोन पेअर देऊ नका. घाईत "बाहेरचा अणू आहे, आठ कर" असं होतं, आणि H भोवती सहा ठिपके येतात.

## पायरी ४: मधला उपाशी असेल तर डबल बाँड

आता मधल्याचं बघायचं. NO₃⁻ मध्ये नायट्रोजनभोवती तीन रेघा, म्हणजे ६ इलेक्ट्रॉन. दोन कमी. आणि कोपऱ्यातला साठा तर संपलाय.

सगळ्यात जास्त चुका ह्या पायरीला होतात. डबल बाँडसाठी नवीन इलेक्ट्रॉन येत नाहीत. शेजारच्या अणूची एक लोन पेअर उचलायची आणि ती दोघांच्या मध्ये आणून रेघ करायची. म्हणजे दोन कामं एकाच वेळी: ऑक्सिजनवरची एक जोडी खोडा, आणि N आणि O च्या मध्ये दुसरी रेघ मारा. त्या ऑक्सिजनचे आठ तसेच राहतात, कारण ती जोडी अजूनही त्याला लागूनच आहे, आणि नायट्रोजनला मात्र दोन मिळाले.

```
O–N–O
  ‖
  O
```

एकेरी रेघवाल्या दोन्ही ऑक्सिजनवर तीन-तीन लोन पेअर, दुहेरी रेघवाल्या ऑक्सिजनवर दोन. नायट्रोजनवर एकही नाही.

मोजून बघा: चार रेघा म्हणजे ८, लोन पेअर ३ + ३ + २ = ८ जोड्या म्हणजे १६. एकूण २४. कोपऱ्यातला आकडा २४. जुळलं.

रेघ मारली पण जोडी खोडली नाही तर २६ येतील. डबल बाँडवाल्या ऑक्सिजनवर तीन लोन पेअर दिसल्या की हीच चूक झालेली असते, मोजायचीसुद्धा गरज नाही, नजरेनेच पकडता येते.

CO₂ मध्ये कार्बनकडे फक्त चार आहेत, चार कमी, म्हणजे दोन जोड्या सरकवायला लागतील. प्रत्येक ऑक्सिजनकडून एकेक:

```
:Ö=C=Ö:
```

कोणी म्हणेल, एकाच ऑक्सिजनकडून दोन जोड्या घेतल्या तर? ट्रिपल बाँड होतो, O≡C–O, सगळ्यांचे आठ पण होतात आणि एकूण १६ पण जुळतात. मग चूक कुठे? ऑक्टेटच्या हिशेबात ती दिसतच नाही. ती फॉर्मल चार्जला दिसते.

### आधीच अंदाज घ्यायचा असेल तर

एक छोटं गणित आहे जे पायरी १ नंतर लगेच करता येतं. सगळ्यांना मिळून किती हवेत ते काढा, हायड्रोजनला २ आणि बाकीच्यांना ८. त्यातून हातात आहेत ते वजा करा, आणि दोनने भागा. उत्तर म्हणजे एकूण रेघा.

NO₃⁻: हवेत ३२, आहेत २४, फरक ८, म्हणजे ४ रेघा. सांगाड्यात तीन होत्या, म्हणजे एक डबल बाँड असणार.

CO₂: हवेत २४, आहेत १६, परत ४ रेघा. सांगाड्यात दोन, म्हणजे अजून दोन वाढणार.

NH₄⁺: हवेत १६, आहेत ८, म्हणजे ४ रेघा. सांगाड्यात चारच, म्हणजे डबल बाँड नाहीच.

हे फक्त जिथे सगळे ऑक्टेट पाळतात तिथेच चालतं. XeF₄ ला लावलंत तर हवेत ४०, आहेत ३६, उत्तर २ रेघा येतं आणि चार फ्लोरिन तर जोडायचेत, म्हणजे उत्तरच सांगतंय की इथे ऑक्टेट मोडणार आहे. विषम इलेक्ट्रॉनवाल्यांना पण लावू नका.

## पायरी ५: फॉर्मल चार्ज काढा

प्रत्येक अणूसाठी वेगळा काढायचा:

फॉर्मल चार्ज = व्हॅलेन्स इलेक्ट्रॉन − लोन पेअरमधले इलेक्ट्रॉन − रेघांची संख्या

पुस्तकात "बंधातील इलेक्ट्रॉनांची निम्मी संख्या" असं असतं, निम्मी संख्या म्हणजेच रेघा मोजणं, उगाच अवघड करून घेऊ नका. लोन पेअर मात्र जोड्यांनी मोजायच्या नाहीत, त्यातले इलेक्ट्रॉन मोजायचे. तीन लोन पेअर म्हणजे ६, तीन नाही.

NO₃⁻ मध्ये:

- नायट्रोजन: ५ − ० − ४ = +१
- डबल बाँडवाला ऑक्सिजन: ६ − ४ − २ = ०
- एकेरी बाँडवाले दोन्ही ऑक्सिजन: ६ − ६ − १ = −१, प्रत्येकी

बेरीज: +१ + ० − १ − १ = −१. आयनचा चार्ज −१. जुळलं.

तपासा: सगळ्या फॉर्मल चार्जची बेरीज रेणूच्या किंवा आयनच्या चार्जएवढीच यायला हवी, रेणू असेल तर शून्य. नाही आली तर एकतर फॉर्मल चार्ज चुकला किंवा पायरी १ चा आकडा. कोपऱ्यातला आकडा परत जुळवून बघितला की दोन्हीपैकी कुठलं ते लगेच कळतं.

इथे जो गोंधळ होतो तो नीट समजून घ्या. ऑक्टेट मोजताना रेघेतले दोन्ही इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंच्या खात्यात धरतो. फॉर्मल चार्ज काढताना रेघेतला एकच इलेक्ट्रॉन एका अणूला देतो. एकच रेघ, पण दोन वेगळे हिशेब. ऑक्टेटमध्ये विचार असा की याच्याभोवती एकूण किती आहेत, आणि फॉर्मल चार्जमध्ये विचार असा की वाटून घेतल्यावर याच्या वाट्याला किती आले आणि याने स्वतः किती आणले होते. जो हे दोन एकाच डोक्याने मोजतो त्याचा नायट्रोजन −३ दाखवतो (५ − ८), आणि मग तो स्ट्रक्चर चुकलं म्हणून चांगलं काढलेलं खोडतो.

फॉर्मल चार्ज आणि ऑक्सिडेशन नंबर पण एक नाहीत हां. NO₃⁻ मध्ये नायट्रोजनचा ऑक्सिडेशन नंबर +५ आहे आणि फॉर्मल चार्ज +१. ऑक्सिडेशन नंबरमध्ये रेघेतले दोन्ही इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्या अणूला देऊन टाकतात, इथे सरळ अर्धे-अर्धे.

सराव झाल्यावर सूत्र मांडत बसायला लागत नाही. ऑक्टेट पूर्ण असलेल्या अणूंसाठी: कार्बन चार बाँडला शून्य, नायट्रोजन तीन बाँडला शून्य, ऑक्सिजन दोनला शून्य, हॅलोजन एकाला शून्य. यापेक्षा एक बाँड जास्त झाला की +१, एक कमी झाला की −१. नायट्रोजनला चार रेघा दिसल्या की +१, ऑक्सिजनला एक दिसली की −१.

## पायरी ६: अनेक पर्यायांतून निवड

आता N₂O. एकूण ५ + ५ + ६ = १६. हवेत २४, म्हणजे ४ रेघा. N–N–O सांगाड्यात या चार रेघा तीन प्रकारे बसतात आणि तिन्हींमध्ये सगळ्यांचे आठ पूर्ण होतात:

- N≡N–O : टोकाचा N ०, मधला N +१, O −१
- N=N=O : टोकाचा N −१, मधला N +१, O ०
- N–N≡O : टोकाचा N −२, मधला N +१, O +१

तिन्हींची बेरीज शून्य, म्हणजे हिशेबाने तिन्ही बरोबर. निवड करताना आधी बघायचं की आकडे शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं, त्यामुळे तिसरं बाद, −२ आणि वर ऑक्सिजनवर +१, हे कोणालाच सोयीचं नाही. पहिल्या दोघांत आकडे सारखेच आहेत, मग बघायचं की निगेटिव्ह चार्ज कोणावर बसलाय. जास्त इलेक्ट्रोनिगेटिव्ह अणूवर असेल तर बरं. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जास्त ओढतो, म्हणून पहिलं सगळ्यात वजनदार. दुसरं पण टाकून द्यायचं नाही, खरा रेणू पहिल्या दोघांचा संकर आहे, पहिल्याचा वाटा जास्त.

आता तो राहिलेला सांगाडा, N–O–N. चार रेघा घातल्या की N=O=N, ऑक्सिजन ६ − ० − ४ = +२, दोन्ही नायट्रोजन −१. सगळ्यात जास्त ओढणाऱ्या अणूवर +२! हा सांगाडा गेला. प्रत्यक्षातही N₂O चा रेणू N–N–O असाच आहे. पायरी २ ला जे ठरत नव्हतं ते इथे ठरलं.

आणि O≡C–O चं काय? ट्रिपल बाँडवाला ऑक्सिजन ६ − २ − ३ = +१, एकेरीवाला −१, कार्बन ०. O=C=O मध्ये सगळे शून्य. सोक्षमोक्ष लागला.

OCN⁻ आणि CNO⁻ या जोडीवर हे वापरून बघण्यासारखं आहे. तेच तीन अणू, तेच १६ इलेक्ट्रॉन, फक्त मधला वेगळा. सायनेटमध्ये C मध्ये: N≡C–O घेतलं तर N ०, C ०, O −१, एकदम समाधानी. फल्मिनेटमध्ये N मध्ये: C≡N–O घेतलं तर C −१, N +१, O −१, आणि दुसरं कुठलंही काढलं तरी यापेक्षा बरं येत नाही. सायनेटचे क्षार शांतपणे बाटलीत राहतात आणि मर्क्युरी फल्मिनेट मात्र डिटोनेटरमध्ये वापरलं जायचं. फॉर्मल चार्ज स्फोटाचं कारण सिद्ध करतो असं नाही, पण कुठला सांगाडा अस्वस्थ आहे ते कागदावरच दिसतं.

### शून्याच्या मागे धावू नका

"शून्य चांगलं" हे एकदा कळलं की मुलं शून्य आणायला ऑक्टेट मोडायला लागतात. NO₃⁻ मध्ये नायट्रोजनवर +१ दिसतो, तो बरा वाटत नाही, म्हणून अजून एका ऑक्सिजनची जोडी सरकवून दुसरा डबल बाँड करतात. आता नायट्रोजन ५ − ० − ५ = ०, छान दिसतं, बेरीज पण −१ येते, एकूण पण २४ राहतात. फक्त नायट्रोजनभोवती दहा झाले. दुसऱ्या आवर्तात हे चालत नाही, नायट्रोजनचा +१ तसाच राहू द्या.

उलट्या बाजूची चूक CO मध्ये. C=O काढलं, कार्बनवर एक लोन पेअर, ऑक्सिजनवर दोन, एकूण १० बरोबर, दोघांचे फॉर्मल चार्ज शून्य. पण कार्बनकडे सहाच आहेत. C≡O काढलं की कार्बन −१ आणि ऑक्सिजन +१ येतो, दिसायला विचित्र, तरी मान्य हेच, कारण C, N, O मध्ये ऑक्टेट आधी आणि फॉर्मल चार्ज नंतर.

बोरॉन मात्र यात बसत नाही. BF₃ मध्ये बोरॉनकडे सहाच राहतात, आणि आठ करायला डबल बाँड काढला तर फ्लोरिनवर +१ आणि बोरॉनवर −१ येतो. फ्लोरिनवर प्लस म्हणजे फारच झालं, म्हणून नेहमी सहावरच सोडतात.

सल्फेटबद्दल दोन मतं सापडतील. SO₄²⁻ ला ६ + २४ + २ = ३२, चारही एकेरी रेघा काढल्या की सल्फरचे आठ होतात पण फॉर्मल चार्ज +२ आणि चारही ऑक्सिजन −१. दोन डबल बाँड काढले की सल्फर शून्य, दोन ऑक्सिजन शून्य, दोन −१, आणि सल्फरभोवती १२, जे तिसऱ्या आवर्तात चालवून घेतात. पुस्तकांत बहुधा दुसरं असतं आणि परीक्षेत तेच काढा. नवीन गणनांमध्ये मात्र पहिलं चित्र खऱ्याच्या जास्त जवळ आहे असं दिसतं, म्हणून कोणी एकेरी रेघांचं काढलं तर लगेच त्याला चूक म्हणू नका.

## पायरी ७: रेझोनन्स आणि कंस

NO₃⁻ मध्ये डबल बाँड खालच्या ऑक्सिजनला दिला, पण डावीकडच्याला दिला असता तरी सगळे आकडे तेच आले असते. म्हणून तीन चित्रं, मध्ये दुहेरी टोकांचा बाण ↔. उलटसुलट दोन बाण ⇌ काढायचे नाहीत, तो समतोल अभिक्रियेचा. आयन एका चित्रातून दुसऱ्यात उड्या मारत नाही, तिन्ही N–O बाँड कायम सारख्याच लांबीचे असतात, एकेरी आणि दुहेरीच्या मधले.

रेझोनन्सची चित्रं काढताना अणू हलवायचे नाहीत, फक्त लोन पेअर आणि दुसरी-तिसरी रेघ हलते. अणूची जागा बदलली तर ते वेगळं संयुग झालं, वर सायनेट-फल्मिनेट बघितलंच.

शेवटी आयन असेल तर चौकोनी कंस आणि बाहेर वर चार्ज. हा विसरला तर स्ट्रक्चर बरोबर असूनही मार्क जातात. कंसातला चार्ज पूर्ण आयनचा, आणि अणूंजवळ लिहिलेले +१, −१ हे फॉर्मल चार्ज, ते दाखवायचे असतील तर अणूजवळ छोटे लिहा.

## एक पूर्ण काढून बघा: HNO₃

एकूण १ + ५ + १८ = २४. हवेत २ + ३२ = ३४, फरक १०, म्हणजे ५ रेघा. सांगाडा H–O–N आणि नायट्रोजनला अजून दोन ऑक्सिजन, चार रेघा, म्हणजे एक डबल बाँड होणार. ८ खर्च, १६ उरले. नुसत्या ऑक्सिजनना सहा-सहा, H वाल्या ऑक्सिजनला चार (त्याला दोन रेघा आहेत ना). संपले. नायट्रोजनकडे सहा, एक जोडी सरकवायची.

कोणाची? नुसत्या ऑक्सिजनची सरकवली तर H वाला O ०, N +१, डबलवाला O ०, उरलेला O −१. बेरीज शून्य. H वाल्या ऑक्सिजनची सरकवली तर तो होतो ६ − २ − ३ = +१, शेजारी नायट्रोजन पण +१, आणि दोन्ही नुसते ऑक्सिजन −१. बेरीज शून्यच, पण दोन प्लस शेजारी-शेजारी. हे चित्र जवळजवळ सोडून द्यायचं.

म्हणून NO₃⁻ ला तीन सारखी चित्रं आणि HNO₃ ला दोनच. मोजलेल्या लांबीतही हेच येतं: HNO₃ मध्ये N आणि OH मधला बाँड सुमारे १४१ पिकोमीटर, बाकीचे दोन N–O सुमारे १२१.